‘ध्यान नव्हतं’ : लाकूड मागं मारतं तेव्हा

बेळगावहून खानापूरकडे निघालं की उद्यमबाग मागं पडतं आणि थोड्याच वेळात मच्छे लागतं. एका बाजूला विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचा मोठा परिसर, दुसऱ्या बाजूला औद्योगिक वसाहतीची पत्र्याची शेडं. बेळगावची ओळख फाउंड्रीची, त्यामुळं या पट्ट्यात लोखंडाचंच राज्य आहे असं वाटतं. पण ओतीव काम लाकडाशिवाय हलत नाही. साच्याचा पॅटर्न लाकडात होतो, तयार कास्टिंग लाकडी खोक्यातून बाहेर जातं, आणि कारखान्याच्या ऑफिसातलं टेबलही कुणीतरी सुतारच करतो. म्हणून या शेडांच्या आडोशाला दोन-तीन माणसांची सुतारकामाची दुकानं असतात. अँगलच्या सांगाड्यावर जाड पत्रा, त्यातल्या फटीतून वर आलेलं गोल पातं आणि खाली पट्ट्यावर फिरणारी मोटर, एवढाच त्यांचा कारखाना.

अशा दुकानात बोट गेलं तर त्याची नोंद कुठं होते? बहुतेक वेळा कुठंच होत नाही. झालीच तर डॉक्टरांच्या कागदावर ‘मशीनमध्ये हात गेला’ आणि दुकानाच्या वहीत, वही असलीच तर, ‘हेल्परचे लक्ष नव्हते’. चहाच्या टपरीवर तेच बेळगावी चालीत ऐकू येतं, ‘ध्यान नव्हतं बघा पोराचं.’ माझं म्हणणं असं की हे वाक्य म्हणजे चौकशी न करण्याची पळवाट आहे. गोल करवतीवर लाकूड उलटं फेकलं जातं, म्हणजे कारागिरांच्या भाषेत ‘मागं मारतं’, तेव्हा लक्ष असणं-नसणं हा मुद्दा फार शेवटी येतो.

ते दाखवण्यासाठी इथं एक अपघात उभा केला आहे. तो कुठल्या एका दुकानाचा नाही. अशा अपघातांत ज्या गोष्टी पुन्हा पुन्हा एकत्र येतात त्या जोडून तो रचलेला आहे. मच्छेतलं एक दुकान समजा. वीस वर्षं काम केलेला मिस्त्री, तोच मालक. आठ महिन्यांपूर्वी लागलेला बावीस वर्षांचा हेल्पर. काम खोक्यांच्या पट्ट्या पाडण्याचं. लाकूड निलगिरी, एक इंच जाडीच्या पाच फुटी फळ्या, आठवड्यापूर्वीच सॉ मिलमधून चिरून आणलेल्या. पातं बारा इंची, कार्बाइड टोकांचं, चाळीस दात्यांचं. मिस्त्री पुढून फळी सारतोय आणि हेल्पर पात्याच्या पलीकडं उभा राहून ती ओढून घेतोय. चार फूट कापून झाल्यावर मोटरचा आवाज जड होतो, फळीचं पलीकडचं टोक किंचित वर उचलतं. हेल्पर ते उजव्या हातानं दाबतो आणि ओढतो. पुढच्या क्षणी फळी मिस्त्रीच्या पोटावर आदळलेली आणि हेल्परच्या तर्जनीची दोन पेरं गेलेली.

यातला सर्वांत विचित्र भाग शेवटचा आहे. पोरगा पात्यापासून हातभर लांब होता, हात पात्याकडं नेतही नव्हता, उलट ओढत होता. मग बोट पात्यात गेलं कसं?

टेबलातून वर आलेल्या गोल पात्याचा पुढचा भाग, म्हणजे कारागिराकडचा, वरून खाली फिरत असतो. तो लाकडाला टेबलावर दाबून कापतो, म्हणून तिथं लाकूड शांत राहतं. पण तेच पातं मागच्या बाजूला टेबलाखालून वर येतं. तिथले दाते लाकडाला उचलतात, आणि माथ्यावर पोचताना त्यांची दिशा थेट कारागिराकडं वळते. चीर मोकळी असेपर्यंत मागच्या दात्यांना लाकूड लागतच नाही, ते नुसते हवेत फिरतात. चीर मिटली किंवा फळी गाईड पट्टीपासून तिरकी झाली की मागच्या दात्यांना लाकूड सापडतं. मग ते आधी उचललं जातं, नंतर फेकलं जातं. बारा इंची पातं मिनिटाला २८८० फेरे घेत असेल तर दात्याचा वेग सेकंदाला ४५ मीटरच्या आसपास, म्हणजे ताशी १६० किलोमीटर होतो. फळीला त्याचा तिसरा हिस्सा वेग मिळाला असं धरलं तरी अर्ध्या फुटाचं अंतर तोडायला तिला सेकंदाचा शंभरावा भाग पुरतो. काहीतरी बिघडलंय हे डोळ्यांना दिसून हात मागं घ्यायला माणसाला साधारण सेकंदाचा पाचवा भाग लागतो. पूर्ण ध्यान असलेला माणूसही वीसपट उशिरा पोचतो.

हेल्परचा हात फळीवर दाबलेला होता आणि फळी पात्यावरून मिस्त्रीकडं गेली. हात फळीबरोबर गेला. जितकं घट्ट धरावं तितकं नक्की आत जावं, असा हा उलटा प्रकार आहे. पुढच्या बाजूला उभ्या माणसाला फळीचा मार बसतो आणि पलीकडच्या माणसाला पातं लागतं. ब्रिटनमध्ये यासाठी वेगळा नियम होता. करवतीमागं माल घेणारा माणूस असेल तर टेबल पात्याच्या मागच्या दात्यांपासून निदान १.२ मीटर लांब वाढवलेलं असावं, म्हणजे त्याचा हात पोचूच नये. आपल्याकडच्या अँगलच्या टेबलाची मागची बाजू पात्यापासून फार तर दीड-दोन फुटांवर संपते.

आता अहवाल. त्याचे तीन भाग सगळे जण मान्य करतात : गार्ड, लाकूड आणि माणूस. फरक पडतो तो प्रत्येक भागात प्रश्न कुठला विचारायचा यानं.

गार्डबद्दल नेहमीचा प्रश्न असतो ‘गार्ड होता का?’ आणि उत्तर असतं ‘होता, पण काढला होता.’ इथं वही मिटते. आपल्या दुकानात गार्ड भिंतीवर खिळ्याला टांगलेला आहे. तो का काढला? त्याआधीच्या आठवड्यात खोक्यांच्या झाकणांसाठी फळ्यांच्या कडेला खाच पाडायची होती. खाच पाडताना पातं लाकडाच्या आतच राहतं, आरपार निघत नाही, त्यामुळं वरचं झाकण अडतं. ते काढावंच लागतं. काम संपल्यावर परत लावायला दोन बोल्ट आणि पाच मिनिटं लागतात, आणि खोक्यांची गाडी संध्याकाळी यायची असते.

पण खरी गोष्ट पुढंच आहे. या मशीनला वरचं टोपीसारखं झाकण ज्या पट्टीवर बसवलेलं होतं ती पट्टी म्हणजेच पात्यामागची पाचर होती. झाकण काढलं आणि पाचरही गेली. झाकण हात पात्यावर पडू देत नाही. पाचर फळी मागच्या दात्यांना भेटू देत नाही. लाकूड मागं मारण्यावर इलाज पाचरीचा, झाकणाचा नव्हे. खोल खड्ड्यावर ओंडका आडवा टाकून दोघांनी करवत ओढायची पद्धत होती तेव्हा चिरणारे लोक चिरेत लाकडी पाचर ठोकत जायचे, म्हणजे दोन्ही अंगं आवळून करवत अडकू नये. मशीनवरची पाचर म्हणजे तेच काम कायमचं पात्यामागं उभं केलेलं. तिची जाडी पात्याच्या पत्र्याहून जास्त आणि चिरेहून कमी लागते. चीर ३.२ मिलिमीटरची आणि पत्रा २.२चा असेल तर पाचर अडीच-पावणेतीन मिलिमीटरची. त्याहून जाड असेल तर फळीच अडते, पातळ असेल तर चीर पत्र्यावर आवळते. कारखान्यांच्या जुन्या नियमांत लाकूडकामाच्या यंत्रांचं स्वतंत्र परिशिष्ट आहे. त्यात या पाचरीचं नीट वर्णन सापडतं : टेबलाच्या पातळीवर दात्यांपासून साधारण एक सेंटिमीटरच्या आत असावी, लहान पात्याच्या माथ्यापासून इंचभर खालपर्यंत वर यावी, पुढची कड पात्याच्या गोलाईला धरून असावी. नियम करणाऱ्यांना झाकणाआधी पाचरच आठवली, हे वाचताना लक्षात येतं.

म्हणून अहवालात लिहायचं ते असं : ‘झाकण आणि पाचर त्याच दोन बोल्टांवर आहेत. खाचेच्या कामासाठी दोन्ही निघाली. सरळ चिरकाम सुरू करताना परत लागली नाहीत. दोन्ही वेगळी बसवावीत, पाचर माथ्याच्या किंचित खाली ठेवावी, म्हणजे खाच पाडतानाही ती काढायला नको.’ ‘गार्ड वापरण्याची सक्त ताकीद दिली’ हे वाक्य लिहून काही हाती लागत नाही. पुढच्या खाचेला ताकीद पुन्हा खिळ्यावर टांगली जाते.

लाकडाची चौकशी मात्र फळीच करून देते, फक्त ती जाळायला जाण्याआधी बाजूला ठेवली पाहिजे. अपघातानंतर दुकानात पहिलं काम होतं ते रक्त पुसण्याचं आणि दुसरं भुशाबरोबर तुकडे गोळा करून टाकण्याचं. त्या ढिगात सगळा पुरावा जातो. फळी मिळाली तर तीन ठिकाणी बघायचं. एक, चिरेची रुंदी. सुरुवातीला, मधे आणि पात्यापाशी पट्टी किंवा व्हर्नियर लावून मोजायची. आपल्या फळीत सुरुवातीला चीर १.५ मिलिमीटर भरते, पात्यानं पाडलेली ३.२ची चीर मागून अर्धी मिटलेली. दोन, चिरेच्या आतल्या अंगावरचा काळपट भाजलेला पट्टा. तो म्हणजे पत्र्यावर लाकूड घासल्याची खूण, आणि त्याच वेळी मोटरचा आवाज जड झालेला असतो. तीन, फळीच्या पृष्ठभागावर उमटलेली कमानीसारखी खोल खरड. वर चढणाऱ्या दात्यानं जाता जाता मारलेला ओरखडा. तो चिरेच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना असेल तर चीर मिटली होती. तो गाईडकडच्या तुकड्यावरच, चिरेपासून आत सरकलेला असेल तर लाकूड नव्हे, गाईड किंवा हात चुकला, फळी तिरकी झाली. या एका खुणेवरून दोन वेगळी कारणं वेगळी काढता येतात.

चीर मिटली कारण लाकूड निलगिरीचं होतं आणि ओलं होतं. निलगिरी भराभर सरळ वाढते आणि वाढताना तिच्या खोडात ताण साठतो. बाहेरचा भाग ओढलेला, आतला गाभा दाबलेला. ओंडका अखंड असेपर्यंत दोन्ही एकमेकांना तोलून धरतात. चिरलं की तोल सुटतो आणि पट्टी वाकते, कधी चिरेपासून लांब, कधी चिरेवर. फळी खोडाच्या कुठल्या भागातली आहे यावर ते ठरतं. त्यात आठवड्यापूर्वीचं लाकूड म्हणजे आत पाणी भरपूर, ओला भुसा फुगून चिरेत बसतो. वाळलेलं सागवान इतका दगा देत नाही. वीस वर्षं चौकटी आणि कपाटं करणाऱ्याला ही खोड माहीत असण्याचं कारण नाही.

त्यातून पात्याची निवडही निघते. चाळीस दात्यांचं पातं प्लायवूड आणि आडव्या कापासाठी ठीक. रेषेच्या दिशेनं ओलं लाकूड चिरायला कमी दात्यांचं, चोवीसेक दात्यांचं पातं लागतं. दात्यांमधली जागा मोठी असली की भुसा बाहेर निघतो. जास्त दात्यांच्या पात्याला फळी रेटावी लागते, आणि रेटणाऱ्या हाताला फळी एकदम सुटली की सावरता येत नाही. हे अहवालात एका ओळीत येतं. किंमत दोन पात्यांमधल्या फरकाएवढी.

माणसाबद्दलचा रकाना सर्वांत आळशीपणे भरला जातो. ‘अनुभव : मिस्त्री वीस वर्षे, हेल्पर आठ महिने.’ वाचणारा लगेच निष्कर्ष काढतो की नवखा पोरगा चुकला. प्रश्न असा हवा की या लाकडावर, या कापात, या मांडणीत कुणाचा किती अनुभव आहे? वीस वर्षांच्या मिस्त्रीचा निलगिरीच्या खोक्यांचा अनुभव दोन महिन्यांचा. खोक्यांचं काम नवं आलेलं. सागवानावर त्यानं पाचरीशिवाय हजारो काप केले आणि काही झालं नाही. ते हजार काप त्याला सुरक्षिततेचा पुरावा वाटतात. प्रत्यक्षात ते फक्त सागवान वाळलेलं होतं याचा पुरावा आहेत. जुन्या माणसाचा अनुभव असा फसवतो. हेल्परला तर फळी उचलली की दाबायची हेच शिकवलेलं. मोटर जड झाली की काय करायचं हे कुणी सांगितलंच नाही. दोघांनीही हात स्थिर ठेवायचे, फळी ना पुढं रेटायची ना मागं ओढायची. मिस्त्रीनं गुडघ्यानं किंवा पायानं स्विच बंद करायचा आणि पातं पूर्ण थांबेपर्यंत थांबायचं. त्यासाठी स्विच गुडघ्यापाशी हवा. बहुतेक ठिकाणी तो भिंतीवर असतो. हाताची करवत अडकल्यावर ओढतात तशी फिरत्या पात्यावरून फळी मागं ओढली तर तेच फेकणं आपणहून ओढवून घेतल्यासारखं होतं.

आणि एक. हेल्परच्या हातात सुती मोजे होते, कुसळं लागू नयेत म्हणून. करवतीवर मोजे घालायचे नसतात. दात्याला धागा सापडला की बोटाबरोबर पंजा जातो.

हे सगळं अति वाटत असेल तर अमेरिकेतला एक निकाल बघण्यासारखा आहे. कार्लोस ओसोरिओ हा लाकडी फरशी बसवणारा कामगार. छोट्या टेबल करवतीवर त्याचा हात जबर जखमी झाला. करवत मालकानं विकत घेतलेली, स्वस्तातली. ओसोरिओ त्या वेळी गार्ड न लावता, गाईडही न लावता फळी नुसती हातानं धरून कापत होता. म्हणजे आपल्या टपरीवर सरळ ‘ध्यान नव्हतं’ म्हटलं असतं अशीच परिस्थिती. २०१० साली बोस्टनच्या ज्युरीनं त्याचा दोष ३५ टक्के धरला आणि तरीही करवत बनवणाऱ्या वन वर्ल्ड टेक्नॉलॉजीज या कंपनीला, रिओबी नावानं विकणारी तीच, १५ लाख डॉलर द्यायला लावले. वरच्या न्यायालयानं २०११ साली तो निकाल कायम ठेवला. मुद्दा होता तो त्वचेचा स्पर्श होताच पातं थांबवणाऱ्या यंत्रणेचा, जी स्टीफन गॅस यानं त्याआधीच बनवून दाखवली होती. दोष माणसाचा असूनही मशीनचा दोष मिटत नाही, एवढं त्या ज्युरीला पटलं. मला त्यातलं ३५ टक्क्यांचं गणित महत्त्वाचं वाटतं. कुणीतरी बसून दोषाची वाटणी केली.

त्या यंत्रणेबद्दल एक खुलासा. ती बोट वाचवते, फळी मागं मारणं थांबवत नाही. मिस्त्रीच्या पोटावर आदळणारी फळी तिच्या कक्षेतच येत नाही. आणि ओल्या लाकडात ती चुकून पातं थांबवू शकते, म्हणून ओलं लाकूड कापताना ती बंद ठेवायची सोय असते. निलगिरीच्या खोक्यांना तिचा उपयोग किती होईल हा प्रश्नच आहे. अडीच मिलिमीटरची पोलादी पाचर मच्छेतल्या कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याकडून अर्ध्या दिवसात कापून मिळते.

हे सगळं कागदावर आणण्याची सक्ती कुणावर आहे? १९४८च्या कारखाने कायद्यात कामगार ४८ तास कामावर येऊ शकला नाही तर अपघाताची सूचना निरीक्षकाला द्यावी लागायची. पण तो कायदा मुळात विजेवर चालणाऱ्या, दहा किंवा जास्त कामगारांच्या ठिकाणासाठी होता, आणि २०२०च्या नव्या संहितेत तो आकडा वीसवर गेला. तीन माणसांचं दुकान दोन्हीकडून बाहेर. त्यामुळं त्याला पाचरीचा नियमही लागू नाही आणि अहवालाची सक्तीही नाही.

भरपाईचं मात्र तसं नाही. २०२५पर्यंत लागू असलेल्या १९२३च्या कर्मचारी भरपाई कायद्यात बोटांचे दर ठरलेले होते. तर्जनीची दोन पेरं गेली तर कमाईच्या क्षमतेत ११ टक्के घट धरायची. बावीस वर्षांच्या पोराचा महिन्याचा पगार बारा हजार धरा. त्याचे ६० टक्के म्हणजे ७,२००. बावीस वर्षांसाठी तक्त्यातला आकडा २२१.३७. दोन्हींचा गुणाकार १५ लाख ९३ हजार ८६४, आणि त्याचे ११ टक्के म्हणजे सुमारे १ लाख ७५ हजार रुपये. याच कायद्यात एक अपवाद होता. सुरक्षिततेसाठी दिलेला गार्ड आहे हे माहीत असून कामगारानं तो जाणूनबुजून काढला किंवा झुगारला, आणि त्यामुळंच इजा झाली, तर अशा प्रकारच्या इजेत मालकावर जबाबदारी येत नसे.

इथं ‘गार्ड काढला होता’ या तीन शब्दांना किंमत येते. कुणी काढला, कधी, कुठल्या कामासाठी, कुणाच्या सांगण्यावरून, हे वहीत नसेल तर ते तीन शब्द पोराच्या माथी जातात. आपल्या दुकानात गार्ड मिस्त्रीनं काढला, आठवड्यापूर्वी, झाकणांच्या खाचेसाठी, आणि हेल्परनं त्याला हातही लावलेला नव्हता. ही ओळ तारखेसह वहीत पहिल्याच दिवशी गेली पाहिजे. मोजलेली चीर, भाजलेला पट्टा आणि ओरखड्याचा फोटो तिच्या खाली, आणि फळी लेबल लावून माळ्यावर.